‘हिअरबाय’ कुठून आणलं, या प्रश्नाचं उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: “जीआरच्या इंग्रजी अनुवादावरचा तुमचा लेख वाचला. ‘देण्यात येत आहे’चं ‘इज हिअरबाय अकॉर्डेड’ करून टाकलंत. मूळ जीआरमध्ये ‘हिअरबाय’ कुठे आहे? कागदात नसलेला शब्द अनुवादात घालू नये, एवढं साधं भान तुमच्यासारख्या हौशी मंडळींना नसतं. एका वाक्याची तीन वाक्यंही केलीत. कोर्टात मूळ आणि अनुवाद ओळीला ओळ लावून बघतात, ते आता कसं बघायचं? आणि ‘कार्योत्तर मान्यता’ म्हणजे ‘पोस्ट अप्रूव्हल’? इंग्रजीचा क्लास लावा. – साताऱ्याचा एक वाचक”

महोदय,

शेवटून सुरुवात करतो. ‘कार्योत्तर मान्यता’ला ‘एक्स पोस्ट फॅक्टो अप्रूव्हल’ म्हणतात. माझ्या लेखात ‘पोस्ट अप्रूव्हल’ पडलं, ती चूक माझी. दुरुस्त केली, आभार. क्लासचं मात्र राहू द्या. सांगलीत क्लास पुष्कळ आहेत, पण जीआरचं इंग्रजी शिकवणारा एकही नाही. असता तर आपल्याआधी मीच जाऊन बसलो असतो.

आता ‘हौशी’. हा शब्द टोचला, कबूल करतो. साताऱ्याच्या माणसाचा रोखठोकपणा मला नवा नाही, माझी सासुरवाडी वाईची आहे. पण सासरेबुवासुद्धा चूक दाखवायच्या आधी माणसाला बसा म्हणायचे. मी एकतीस वर्षं सरकारी आस्थापनेवर काढली. टिपणी लिहिली, प्रस्ताव फिरवले, जीआरच्या प्रती काढून काढून बोटं शाईची केली. निवृत्तीनंतर विश्रामबागेत घरीच बसून वकिलांसाठी जीआरचे इंग्रजी अनुवाद करतो. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालं, तेव्हापासून सांगली-साताऱ्याचे कागद मुंबईऐवजी तिकडे जातात आणि माझ्या टेबलावरचा ढीग वाढलाय. याला हौस म्हणायचं असेल तर म्हणा.

‘हिअरबाय’ कुठे आहे, हे मात्र सविस्तर सांगतो. नेहमीच्या वळणाचं एक वाक्य घेऊ, आकडे माझे:

“सांगली जिल्ह्यातील पूरबाधित 12 प्राथमिक शाळांच्या इमारतींच्या दुरुस्तीच्या रु. 48,60,000 इतक्या रकमेच्या अंदाजपत्रकास खालील अटींच्या अधीन राहून प्रशासकीय मान्यता देण्यात येत आहे.”

शब्दाला शब्द लावणारा इथे लिहितो, ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अप्रूव्हल इज बीइंग गिव्हन’. ‘राहून’ दिसलं म्हणून पुढे ‘रिमेनिंग सब्जेक्ट टु द बिलो कंडिशन्स’. मराठी येत नसलेला माणूस हे वाचून काय समजेल? मान्यता देण्याचं काम चालू आहे, अजून दिलेली नाही. ‘इज बीइंग’ म्हटलं की इंग्रजी वाचणाऱ्याला अर्धवट राहिलेलं काम दिसतं. मराठी वाक्यात तसं काही अर्धवट नाही. उपसचिवांची डिजिटल सही झाली आणि कागद निघाला, त्या क्षणी मान्यता मिळाली. हे वाक्य मान्यतेची बातमी देत नाही, ते वाक्य म्हणजेच मान्यता. इंग्रजीत अशा वाक्याला साधा वर्तमानकाळ लागतो आणि ‘या कागदानेच’ हा अर्थ दाखवायला ‘हिअरबाय’ लागतं. म्हणून ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अप्रूव्हल इज हिअरबाय अकॉर्डेड, सब्जेक्ट टु द फॉलोइंग कंडिशन्स’.

तेव्हा शब्द मी घातला नाही, तो मुळात दडलेला आहे. पुष्कळ जीआरमध्ये तो उघडही असतो: ‘याद्वारे’, ‘या शासन निर्णयान्वये’. नसला तरी सरकारी मराठी वाचणारा तो मनात धरतो. आणि ही ‘करण्यात येत आहे’ची घडण आपल्या आजीची थोडीच आहे? 1964 चा राजभाषा अधिनियम आला, इंग्रजी फायली मराठीत यायला लागल्या, तेव्हा इंग्रजीतल्या कर्मणी प्रयोगाच्या जागी ही भाषा फायलींत रुळली. ‘अकॉर्डेड’चं ‘देण्यात येत आहे’ झालेलं मी परत ‘अकॉर्डेड’ केलं, तर त्यात भानाचा प्रश्न आला कुठून?

प्रत्येक ‘येत आहे’ला मी ‘हिअरबाय’ चिकटवतो, असाही आपला समज दिसतो. लेखाचा दुसरा भाग आपण वाचला असता तर तो झाला नसता. माझी चाचणी साधी आहे. वाक्यात ‘याद्वारे’ घालून मोठ्याने वाचायचं. ‘याद्वारे समिती गठित करण्यात येत आहे’, बसलं, मग ‘इज हिअरबाय कॉन्स्टिट्यूटेड’. प्रस्तावनेतलं ‘ही योजना 2015 पासून राबविण्यात येत आहे’ घ्या. तिथे ‘याद्वारे’ बसत नाही, आणि ‘पासून’ आहे. म्हणून ‘हॅज बीन इम्प्लिमेंटेड सिन्स 2015’. ‘रिक्त पदे भरण्याची कार्यवाही करण्यात येत आहे’ यात मात्र काम खरोखरच चालू आहे, तिथे आपलं लाडकं ‘बीइंग’ मीही वापरतो. ‘निधी वितरित करण्यात येत आहे’ला ‘याद्वारे’ चालतं आणि मी ‘इज हिअरबाय रिलीज्ड’ लिहितो, पण तिथे हात जरा अडखळतो. आहरण व संवितरण अधिकाऱ्याने देयक कोषागारात टाकून ते पास होईपर्यंत पैसा हातात नसतो, आणि ‘रिलीज्ड’ वाचून परका माणूस पैसा आला असं समजू शकतो. चाचणीची मर्यादा एवढीच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मिरजेच्या एका संस्थेला परराज्यातल्या एका देणगीदाराकडून मदत मिळायची होती. शासनाचा हिस्सा मंजूर आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. संस्थेने कुणाकडून तरी आपल्या पद्धतीचा, ओळीला ओळ असा अनुवाद करून पाठवला. उत्तर आलं, मंजुरीची प्रक्रिया पूर्ण झाल्यावर अंतिम आदेश पाठवा. आता अंतिम आदेश आणायचा कुठून, तो तर तोच होता! जीआर दुसऱ्यांदा पाठवला, तेच उत्तर. कागद माझ्याकडे आला तेव्हा दोन महिने गेले होते. मी त्या वाक्यातलं क्रियापद बदललं, बाकी जवळपास काही नाही, आणि प्रस्ताव पुढे सरकला. त्या संस्थेच्या सचिवबाई अजून दिवाळीला भडंग पाठवतात. आपण काय पाठवलंत ते वर आहेच.

ओळीला ओळ लावण्याबद्दल: परिच्छेदांचे आणि अटींचे क्रमांक मी मूळचेच ठेवतो. कोर्टातला माणूस क्रमांक बघून जागा शोधतो, पूर्णविराम मोजत बसत नाही. त्यावर याहून जास्त लिहायची मला गरज वाटत नाही.

आपल्याकडे एखादं वाक्य असेल जिथे ‘याद्वारे’ बसतं आणि तरीही ‘इज बीइंग’च बरोबर ठरतं, तर जरूर पाठवा. तसं वाक्य मला अजून सापडलेलं नाही. फक्त खाली नाव घाला. ‘साताऱ्याचा एक वाचक’ म्हणून माझ्या सासुरवाडीतल्या निम्म्या लोकांवर संशय येतो.