सहावं कोर्ट, खोली कोणती?

छत्रपती संभाजीनगरात रिक्षावाल्याला नुसतं ‘कोर्टात सोड’ म्हणून भागत नाही. तो आधी तुमच्या हातातल्या पिशवीवरून भानगडीचा अंदाज घेतो, मग विचारतो, ‘‘कौनसा? बडा के छोटा?’’ बडा म्हणजे जालना रोडवरचं हायकोर्टाचं खंडपीठ, छोटा म्हणजे अदालत रोडवरचं जिल्हा न्यायालय. ग्राहक आयोग, सरकारी नोकरांचं मॅट वगैरे त्याच्या हिशेबात कोर्टच नव्हेत.

आमच्या अप्पांना बडाच हवा होता. ‘‘जमिनीचा मामला हाय, छोट्यात कशाला?’’ वाटणीचा दावा आधी दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतो, अपील जिल्हा न्यायाधीशांकडे जातं, आणि खंडपीठाचा नंबर लागतो तो दुसऱ्या अपिलात. हे मी रिक्षातच समजावलं. ‘‘म्हंजी तवर मी असंन का?’’ यावर रिक्षावाल्यानंही आरशातून माझ्याकडे बघितलं.

समन्सवर लिहिलं होतं, ‘६ वे सह दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर’. अप्पा थेट सहा नंबरच्या खोलीसमोर जाऊन उभे राहिले. तिथे चेक न वटल्याचं प्रकरण चालू होतं. पट्टेवाल्यानं कागद बघितला. ‘‘काका, सहावे हा न्यायाधीशांचा नंबर. खोलीचा नाही.’’ सरकारी आकडेमोडीत हा फरक फार जुना आहे आणि फक्त पट्टेवाल्यांना ठाऊक आहे.

मी मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप काढलं. प्रत्येक दाव्याला मिळणारा सीएनआर नंबर सोळा अक्षरांचा असतो: MHAU म्हणजे राज्य आणि जिल्हा, पुढचे दोन आकडे न्यायालयाची आस्थापना, मग सहा आकडी क्रमांक, शेवटी वर्ष. म्हणजे दावा कुठल्या आस्थापनेत आहे ते कळतं, जिना कुठला चढायचा ते नाही. न्यायाधीशांची बदली झाली किंवा कामाची फेरवाटणी झाली, की समन्सवरचा मजकूर तोच राहतो आणि दावा दुसऱ्या साहेबांकडे जातो. आमचा गेला होता. खरं कोर्ट ॲपमधल्या ‘पुढील तारीख’शेजारी, न्यायाधीशांच्या पदनामात दिसलं. आदल्या संध्याकाळी तेवढं बघून, सकाळी दाराबाहेर चिकटवलेल्या बोर्डावर आपला दावा नंबर शोधावा, हाच त्यातला त्यात खात्रीचा मार्ग.

त्या दाराबाहेर पोलिसांच्या मधोमध एक आरोपी उभा होता. अप्पा दोन पावलं मागे सरले. ‘‘आपलं तं वाटणीचं हाय ना रं?’’ दिवाणी आणि फौजदारी, दोन्ही कामं एकाच साहेबांकडे असू शकतात. त्यामुळे बांधाचे वादी आणि चोरीचे आरोपी एकाच बाकावर शेजारी बसतात आणि एकमेकांच्या वकिलांची फी विचारून घेतात.

बोर्डावर आमचा नंबर चक्क सापडला. तेवढ्यात लिपिक बाहेर आले: साहेब रजेवर, तातडीची कामं चार्ज असलेल्या दुसऱ्या साहेबांच्या कोर्टात, बाकीच्यांनी तारीख घ्यावी. आमची वाटणी गेल्या पिढीपासून रखडलेली, ती तातडीची कुठून असणार! अप्पांनी तारीख पिशवीच्या कागदावर लिहून घेतली आणि विचारलं, ‘‘म्होरली पेशी याच खोलीत ना साहेब?’’

‘‘बोर्ड बघून या,’’ लिपिक म्हणाले.