तांब्याभर दया

सांगलीत पाहुणा घरात आला की आधी पाणी विचारतात. आमच्या शेजारच्या काकांनी रविवारी हॉलमधल्या पीस लिलीलाही विचारलं. पानं लोंबलेली दिसली, आणि मी "काका, थांबा" म्हणेपर्यंत तांब्या रिकामा झाला होता.

"आरं, तहानलंय त्ये! माणसाला चहा देतोस, झाडाला पाणी नको व्हय?" वर खुर्चीत बसून व्याख्यान. "आमच्या उसाला पाणी सोडलं की सकाळी कसा ताठ!" याच काकांचं दीड एकर रान जास्तीच्या पाण्यानं क्षारपड होऊन पडलंय. पण ते बोलायची सोय नाही, वय आडवं येतं.

वाईट म्हणजे काकांचं म्हणणं दिसायला बरोबर असतं. पीस लिली तहानली तरी मान टाकते आणि मुळं कुजली तरी मान टाकते, कारण कुजलेलं मूळ ओल्या मातीतूनही पाणी ओढू शकत नाही. म्हणून पानांकडे बघून निकाल द्यायचा नाही. आधी कुंडी उचलायची. कोरडी असेल तर हलकी लागते आणि माती कडेनं सुटलेली दिसते. मग उदबत्तीची उरलेली काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढायची. बोटावर विसंबू नये. वरची दोन पेरं कोरडी आणि खाली चिखल, असं सर्रास असतं. काडी कोरडी निघाली तर पाणी द्यावं, तहानलेली लिली काही तासांत उभी राहते. काडीला ओली माती चिकटून आली आणि पानं तरीही लोंबलेली असली, तर पाण्याला हात लावू नये.

हे सगळं तांब्याच्या आधी करायचं असतं. नंतर काडी ओलीच निघणार, हे काकांना कोण सांगणार?

मग एकच उपाय उरला, झाड उपसून बघणं. लिलीची कुंडी ज्या शोभेच्या कुंडीत ठेवलेली, तिला भोक नाही, तिच्यात दोन बोटं पाणी, आणि वास तुंबलेल्या गटारीचा. एका तांब्यानं असा वास येत नाही, हे दुखणं जुनं होतं. चांगलं मूळ पांढरट आणि टणक असतं. इथली बरीच तपकिरी होती. चिमटीत धरून ओढलं की साल हातात आणि आत नुसता दोरा. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती मरतात आणि मग बुरशीचं फावतं.

पांढरा भाग लागेपर्यंत कात्रीनं छाटलं. कात्री प्रत्येक वेळी स्पिरिटनं पुसली. पिवळी पानं काढली, जुनी काळी माती फेकली. उरलेल्या मुळांपुरतीच लहान, भोकाची कुंडी घेतली. मोठ्या कुंडीतली माती जास्त दिवस ओली राहते. त्यात कोकोपीट आणि परलाइट, हाताला जेमतेम ओलसर लागेल इतकंच. खत नाही. निम्म्याहून जास्त मुळं शाबूत होती म्हणून ही खटपट. सगळाच चिखल असता तर थेट कचऱ्यात.

संध्याकाळी काका परत आले. छाटून चार पानांवर आलेली लिली बघून म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? पाणी कमी पडलं." हातात तांब्या होताच.