थीम जीपीएल आहे म्हणून तिच्यातले फोटो तुमचे होत नाहीत

"वर्डप्रेस जीपीएल आहे. म्हणून कुठलीही थीम, प्लगइन, सोबतचे फोटो कुठूनही उचला, क्लायंटच्या साइटवर बिनधास्त वापरा. फॉन्ट डाउनलोड झाला म्हणजे फ्रीच. फोटोखाली क्रेडिट द्या. कुणी बोललंच तर काढून टाका, विषय संपला."

हा फॉरवर्ड नुकतीच कामं घेऊ लागलेल्या एका मैत्रिणीने "बघ, उगाच घाबरवत होतास" म्हणून पाठवला. तिची साइट चार दिवसांत लाइव्ह जायची आहे, तेव्हा आता लिहिणं आलंच.

यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने आधी मान्य करतो. जीपीएल म्हणजे कोड वापरायला, बदलायला आणि पुढे वाटायला मोकळीक देणारं लायसन्स. थीम-प्लगइनचा पीएचपी कोड जीपीएलखाली येतो आणि ज्याला तो मिळाला तो पुढे वाटू शकतो, असंच वर्डप्रेसवाले मानतात. पण असे फॉरवर्ड लिहिणारी मंडळी ज्या मताच्या जोरावर बोलतात ते त्यांनी पूर्ण वाचलेलं दिसत नाही. २००९ साली मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना कायदेशीर सल्ला देणाऱ्या सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने थीमबद्दल मत दिलं, त्यात पीएचपी एकीकडे आणि चित्रं, सीएसएस दुसरीकडे ठेवली आहेत. पीएचपी वर्डप्रेसच्या कोडात मिसळून चालतो. चित्र तसं मिसळत नाही. सर्व्हर ते जसंच्या तसं ब्राउझरला पाठवतो. त्यामुळे थीम जीपीएल असली तरी चित्रं आपोआप जीपीएल होत नाहीत. म्हणूनच कोड जीपीएल आणि बाकी फायली विक्रेत्याच्या स्वतःच्या लायसन्सखाली, अशा थीम सर्रास विकल्या जातात.

सगळ्यात जास्त घोळ डेमोच्या फोटोंत होतो. समजा दवाखान्याच्या साइटसाठी थीम घेतली आणि डेमो इम्पोर्ट केला. बावीस फोटो `wp-content/uploads` मध्ये येऊन बसले. मजकूर बदलला, एकोणीस फोटो बदलले, पण "चांगले दिसतात" म्हणून तीन राहिले. थीमच्या माहितीत खाली कुठेतरी "फोटो फक्त डेमोसाठी" असं लिहिलेलं असतं. म्हणजे ते दाखवायचा हक्क थीमवाल्याने घेतलाय, तुम्ही नाही. मीडिया लायब्ररी तारखेने लावा, डेमोच्या दिवशी आलेला प्रत्येक फोटो उघडा आणि शीटमध्ये त्याचा स्रोत, लायसन्स, तारीख लिहा. रकाना भरता येत नसेल तर फोटो जाऊ द्या. नुसता पानावरून काढून भागत नाही. मूळ फाइल आणि वर्डप्रेसने बनवलेले तिचे लहान आकार थेट पत्त्यावर उघडतच राहतात. लायब्ररीतून कायमचा डिलीट करा. थीम WordPress.org च्या डिरेक्टरीतली असेल तर काम सोपं: तिथे चित्रं-फॉन्टही जीपीएलशी जुळणारे लागतात आणि त्यांची लायसन्सं `readme.txt` मध्ये दिलेली असतात.

"कुठूनही उचला" याचा त्रास लायसन्सच्याही पुढचा. WP-VCD नावाचा मालवेअर अशाच नल्ड, म्हणजे विकतची थीम लायसन्सची अडवणूक काढून फुकट वाटलेल्या, थीममधून पसरला. तो `functions.php` मध्ये कोड घुसवतो आणि `wp-includes` मध्ये `wp-vcd.php` टाकतो. WP-CLI या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाने तपासायला:

```
wp core verify-checksums
wp plugin verify-checksums --all
```

पहिली कमांड कोअरमधली जादा फाइल दाखवते. दुसरीचा उपयोग फक्त WordPress.org वरच्या प्लगइनना. विकतच्या प्लगइनचे चेकसम, म्हणजे मूळ फायलींशी पडताळायचे आकडे, तिथे नसतात. म्हणजे उचललेलं प्रीमियम प्लगइन स्वच्छ आहे की नाही, हे या मार्गाने कळतच नाही.

फॉन्टचं थोडक्यात. संगणकात आहे म्हणून सर्व्हरवर चढवता येत नाही. विंडोजसोबत आलेला मंगल किंवा निर्मला यूआय वेबफॉन्ट म्हणून टाकायची परवानगी विंडोजच्या लायसन्समध्ये नाही. फाइलमध्ये काय लिहिलंय ते fonttools मधल्या ttx ने असं दिसतं:

```
ttx -o - -t name Font.ttf
```

यात `nameID` 13 म्हणजे लायसन्सचं वर्णन, 14 म्हणजे त्याचा पत्ता. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी हे ओएफएल या फॉन्टसाठीच्या मुक्त लायसन्सखाली आहेत. कमर्शियल साइटवर खुशाल वापरा.

क्रेडिट ही परवानगी नव्हे. CC BY या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लायसन्समध्ये क्रेडिट ही परवानगीची अट आहे. CC BY-NC, म्हणजे धंद्यासाठी नाही असं लायसन्स, असेल तर नाव कितीही ठळक द्या, धंद्याच्या साइटवर चालत नाही.

आणि "काढून टाका": काढल्याने आधीचा वापर पुसला जात नाही. लाइव्ह होण्याआधीच लायसन्सचं पान तारखेसह पीडीएफ करून ठेवा, कारण पानं बदलतात. फुकट फोटो देणाऱ्या अनस्प्लॅशचे फोटो आधी CC0, म्हणजे कुठल्याही अटीविना, होते. २०१७ च्या जूनमध्ये त्यांनी स्वतःचं लायसन्स आणलं. तुमचा फोटो कुठल्या अटींवर घेतलेला, हे विचारलं तर तीच पीडीएफ दाखवायची आहे.