रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, काकू

«पालकांनो, सावध व्हा! आजकालची मुलं म्हणतात, आम्ही असेक्शुअल, आम्ही अरोमँटिक. १) हे मोबाइलमधून आलेलं परदेशी खूळ आहे. २) खरं तर हा हार्मोनचा आजार आहे, वेळीच औषध करा. ३) इच्छा नसणं म्हणजे ब्रह्मचर्य, त्याला नवीन नाव कशाला? ४) अशा माणसांच्या मनात प्रेम-माया नसते. ५) लग्न लावून द्या, वर्षभरात सगळं सुरळीत होतं. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.»

काकूंना हा मेसेज भिशीच्या ग्रुपवर आला. त्यांनी तो आपल्या मुलीला, म्हणजे माझ्या चुलत बहिणीला पाठवला आणि खाली लिहिलं, «शांतपणे वाच.» बहिणीने तो एक शब्दही न लिहिता मला पाठवला. ती ३२ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिने घरात सांगितलं की ती असेक्शुअल आहे आणि अरोमँटिकही आहे, आणि तेव्हापासून असे मेसेज तिच्याकडे येत असतात. तिला विचारूनच हे लिहिते आहे.

आधी शब्द समजून घेऊ, कारण मेसेज लिहिणाऱ्याने ती तसदी घेतलेली नाही. ज्या माणसाला कोणाहीबद्दल लैंगिक आकर्षण वाटत नाही, किंवा फारच क्वचित वाटतं, तो असेक्शुअल. ज्याला कोणाच्या प्रेमात पडल्यासारखं वाटतच नाही, तो अरोमँटिक. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादी असेक्शुअल व्यक्ती कोणाच्या तरी प्रेमात आकंठ बुडू शकते, तिला त्या माणसाबरोबर घर करावंसं वाटतं, फक्त शरीराची ओढ वाटत नाही. उलट एखाद्या अरोमँटिक माणसाला शारीरिक आकर्षण वाटतं, पण प्रेमात पडणं म्हणजे काय ते त्याला कधी उमगत नाही. माझ्या बहिणीसारख्या काहींना दोन्ही नसतं. मराठीत काही जण «अलैंगिक» म्हणतात, पण तो शब्द ऐकला की आपल्याला शाळेतला अमीबा आणि त्याचं द्विविभाजन आठवतं, म्हणून मी इथे असेक्शुअल हाच शब्द वापरते.

आतून हे कसं असतं, ते बहिणीने मला एकदा सांगितलं. कॉलेजच्या हॉस्टेलवर रात्री मुली एकमेकींना विचारायच्या, «तुझा कोण?» तिच्याकडे उत्तर नव्हतं. मग तिने वर्गातल्या एका मुलाचं नाव निवडलं, कारण ते अजून कोणी घेतलेलं नव्हतं. पुढच्या वेळी तेच नाव सांगता यावं म्हणून तिला ते लक्षात ठेवावं लागायचं. कितीतरी वर्षं तिला वाटत होतं की सगळ्याच मुली असंच नाव निवडतात. पुढे कांदेपोह्यांचे कार्यक्रम सुरू झाले. «मुलगा पसंत आहे का?» असं विचारलं की ती म्हणायची, «बोलायला चांगला आहे.» ती खरंच तेवढंच सांगू शकत होती. पाचव्या की सहाव्या स्थळानंतर तिच्या लक्षात आलं की «पसंत» या शब्दात इतरांना आणखी काहीतरी जाणवतं, आणि ते तिला कधीच जाणवलेलं नाही.

आता हार्मोनबद्दल. यात अर्धं सत्य आहे आणि ते मी मान्य करते. ज्या माणसाला पूर्वी इच्छा व्हायची आणि आता ती एकाएकी गेली, त्याने डॉक्टरकडे जावं. थायरॉइड मंदावलेलं असू शकतं, प्रोलॅक्टिन वाढलेलं असू शकतं, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी झालेलं असू शकतं. नैराश्य असू शकतं, किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्यांचा तो परिणाम असतो. पण इथे «पूर्वी होती, आता गेली» हेच शब्द महत्त्वाचे आहेत. जे कधी नव्हतंच, ते हरवलेलं नसतं.

हे माझ्या मनाचं नाही. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनची डीएसएम ही मानसिक आजारांची निदानपुस्तिका भारतातले मानसोपचारतज्ज्ञही वापरतात. तिच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत लैंगिक इच्छा कमी असण्याचे विकार दिलेले आहेत, स्त्रियांचा वेगळा आणि पुरुषांचा वेगळा. दोन्हींसाठी अट आहे की लक्षणं साधारण सहा महिने टिकलेली हवीत आणि त्यांचा त्या माणसाला स्वतःला लक्षणीय त्रास होत असला पाहिजे. आईला, मामाला किंवा भिशीच्या ग्रुपला होणारा त्रास त्यात धरलेला नाही. पुढे स्पष्ट लिहिलं आहे की इच्छेच्या अभावाचं कारण व्यक्ती स्वतःला असेक्शुअल मानते हे असेल, तर हे निदान करू नये. म्हणजे मेसेज ज्याला आजार म्हणतो, त्याला आजार म्हणू नका असं आजारांच्या पुस्तकातच लिहिलेलं आहे.

शरीरात बिघाड असतो का, हेही तपासलं गेलं आहे. कॅनडातल्या लोरी ब्रॉटो आणि मोराग यूल यांनी २०११ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तेजक चित्रफीत पाहताना असेक्शुअल स्त्रियांच्या शरीराचा प्रतिसाद इतर स्त्रियांसारखाच होता. अभ्यासात अशा स्त्रिया मोजक्याच होत्या, त्यामुळे त्यावर फार मोठं विधान उभं करता येणार नाही. पण शरीराची यंत्रणा आणि कोणाकडे ओढ वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यातून दिसतं. बहिणीलाही काकूंनी तपासणीला नेलं होतं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, सगळं नॉर्मल आलं. तरीही त्या डॉक्टरांनी तिच्याकडे न बघता काकूंना सांगितलं, «लग्न झालं की होईल सगळं.»

खूळ आणि परदेश या मुद्द्यावर मी फार वेळ घालवणार नाही. अमेरिकेतले लैंगिकतेचे अभ्यासक अल्फ्रेड किन्झी यांनी १९४८ च्या आपल्या अहवालात लोकांचं लैंगिक कलानुसार वर्गीकरण करताना कोणत्याच मापात न बसणाऱ्यांसाठी «एक्स» हा वेगळा गट ठेवला होता. मोबाइल तेव्हा नव्हता. पुढे ब्रिटनमधल्या १८ हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीत साधारण १ टक्का लोकांनी «मला कधीच कोणाबद्दल लैंगिक आकर्षण वाटलं नाही» या पर्यायावर खूण केली. अँथनी बोगार्ट यांनी ते विश्लेषण २००४ मध्ये प्रसिद्ध केलं, पण मुळात पाहणी १९९० च्या सुमाराची आहे. नेटवरून लोकांना फक्त शब्द मिळाला.

ब्रह्मचर्य हे व्रत आहे. एकादशीचा उपास करणाऱ्याला भूक लागते, म्हणूनच तो उपास ठरतो. माझी बहीण कशावरही ताबा ठेवत नाही, कारण ताबा ठेवावा असं तिच्याकडे काही नाही. आणि काही असेक्शुअल माणसं तर शरीरसंबंध ठेवतातही, जोडीदारासाठी किंवा मूल हवं म्हणून. काहींना त्याची किळस वाटते, काहींना काहीच वाटत नाही. वागणं एक, आकर्षण दुसरं.

माया नसते, हे वाचून मात्र मला राग आला. आजीच्या शेवटच्या चार महिन्यांत रात्रीची जाग कोणी केली, ते काकूंना माहीत आहे. बहिणीची एक मैत्रीण आहे, कॉलेजपासूनची. दोघींचं एकमेकींवाचून चालत नाही, दवाखान्याच्या फॉर्मवर संपर्कासाठी एकमेकींचे नंबर असतात. त्या नात्यात प्रियकर-प्रेयसीचं काही नाही, आणि म्हणून ते कमी खोल आहे असंही नाही.

राहिला शेवटचा मुद्दा. बाकीचे चार मुद्दे चुकीचे आहेत, हा धोकादायक आहे.

ठरवून केलेल्या लग्नात ओढ नंतर वाटू लागते, असा अनुभव सांगणारी जोडपी आपल्या घराघरांत आहेत, आणि ती खोटं बोलत नाहीत. काही माणसांना तर मनाची खोल जवळीक झाल्याखेरीज आकर्षण वाटतच नाही, त्यांना डेमिसेक्शुअल म्हणतात. पण त्यातही आधी जवळीक येते, तिला वेळ लागतो, आणि लग्नाच्या रात्री ती हजर असेलच असं नाही. ज्या मुलीने स्पष्ट सांगितलं आहे की मला हे कधीच वाटलं नाही, तिला अनोळखी माणसाबरोबर एका खोलीत पाठवून «सुरळीत» होण्याची वाट बघणं म्हणजे काय, हे एकदा शब्दांत मांडून बघा. ती नाही म्हणेल. मग त्या नाहीचं काय होणार?

कायदा काय म्हणतो ते सांगते. पत्नी १८ वर्षांवरची असेल तर पतीने जबरदस्तीने केलेला संभोग भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये बलात्कार धरलेला नाही, तिथे अपवाद लिहिलेला आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ येतो, पण त्यासाठी तिला तक्रार करण्याचं बळ लागेल. दुसरीकडे, तिचं नाही तिच्याच विरुद्ध वापरलं जाऊ शकतं. समर घोष विरुद्ध जया घोष या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रूरतेची जी उदाहरणं दिली, त्यात शारीरिक असमर्थता किंवा योग्य कारण नसताना बराच काळ एकतर्फी संबंध नाकारणं हेही आहे. म्हणजे तिने नाकारलं तर तिच्यावर क्रूरतेचा ठपका येऊ शकतो, आणि मन मारून होकार दिला तर ते सोसणं रोजचं होतं.

आणि ते «वर्षभर». हिंदू विवाह कायद्याच्या कलम १४ नुसार लग्नाला वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचा अर्ज एरवी करता येत नाही. असाधारण हाल असतील तर न्यायालयाची खास परवानगी घ्यावी लागते. ज्या वर्षात सगळं सुरळीत होईल असं मेसेज सांगतो, नेमकं त्याच वर्षात तिला बाहेर पडायची वाट जवळजवळ बंद असते.

त्या मुलाचाही विचार कोणी केलेला नाही. त्याला काहीच न सांगता बोहल्यावर उभं केलं, तर पुढची कित्येक वर्षं तो आपल्यातच काही कमी आहे असं समजत राहील. असेक्शुअल माणसांनी लग्न करूच नये, असं मी म्हणत नाही. काही करतात आणि सुखाने राहतात. पण आधी दोघांनी तोंडाने बोललेलं असतं: शरीरसंबंध हवेत का, मूल हवं का, नसेल तर तुला चालेल का. अशी बोलणी बैठकीत थोरल्यांनी ठरवता येत नाहीत, ती त्या दोघांनीच करायची असतात. माझ्या बहिणीला लग्नच नको आहे, तिला जोडीदार हवासाच वाटत नाही, आणि हे तिने दोन वर्षांत तीन वेळा सांगितलं आहे.

रविवारी मी काकूंकडे जाणार आहे. बहीण म्हणाली, येताना ती रक्ताच्या रिपोर्टांची फाइल घेऊन ये, आईने ती अजून उघडून वाचलेली नाही.