चादरीची उलटतपासणी

ऋषीचं कूळ, नदीचं मूळ आणि भिवंडीच्या गोदामातल्या लॉटचा कारखाना या तीन गोष्टी विचारू नयेत. तरी मी विचारलं.

"मॅडम, एक्स्पोर्ट सरप्लस आहे," शेठ म्हणाले.

"हो, पण कुठल्या मिलचा?"

"एक्स्पोर्टवाल्या मिलचा."

प्रत्येक चादरीचं लेबल कात्रीनं सफाईदार उडवलेलं होतं. उरलेली माहिती तोंडी होती: डबल बेड, प्युअर कॉटन, तीनशे टीसी. एवढ्या भांडवलावर साठ चादरींचा गठ्ठा टेम्पोतून कशेळीच्या पुलावरून आमच्या घोडबंदर रोडच्या टू बीएचकेत आला आणि हॉलमध्ये सोफ्याची जागा घेऊन बसला. मी घरून चादरी विकते. माझ्या गिऱ्हाईक बायका घासाघीस कमी आणि चौकशी जास्त करतात. त्यांना 'शेठ म्हणाले' हे उत्तर चालत नाही. मग चादरीलाच बोलतं करायचं ठरवलं.

सुरुवात वजनानं केली, कारण त्यात कापड खराब होत नाही. सासूबाईंचा स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवतो. "त्यावर बेसन तोलतात गं," एवढंच त्या म्हणाल्या, पण चष्मा लावून शेजारी बसल्या. नवऱ्यानं आकडे लिहायचं काम घेतलं, कारण त्यात उठावं लागत नाही. एकाच चादरीचं वजन करून थांबता आलं असतं, पण लेबल नसलेल्या गठ्ठ्यात सगळा माल एकाच घरचा असेलच असं नाही. झालंही तसंच. बहुतेक चादरी ७२० ते ७३५ ग्रॅम भरल्या, आणि अकरा चादरी मात्र ६१०च्या आसपास. प्रिंट तीच, माप तेच, वजन शंभर ग्रॅमनं कमी. गठ्ठ्यात दोन कुळं निघाली.

माप होतं ९० बाय १०० इंच, म्हणजे साधारण २२९ बाय २५४ सेंटिमीटर, क्षेत्रफळ ५.८१ चौरस मीटर. ७२५ ला ५.८१ नं भागलं की जवळपास १२५ येतात. हा झाला जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. अकरा हडकुळ्यांचा १०५ च्या आत-बाहेर. दुमडून शिवलेल्या कडांचं कापड दुहेरी असतं, त्यामुळे खरा आकडा किंचित कमीच धरायचा.

यात पावसाळा पाचर मारतो. कापूस हवेतलं पाणी पितो. प्रयोगशाळेत कापड २७ अंश तापमानात आणि ६५ टक्के आर्द्रतेत मुरवून मग तोलतात, आणि तेव्हाही कापसात सात-आठ टक्के पाणी असतं. ठाण्यात जुलैत टॉवेलसुद्धा दोरीवर ओला होतो, तिथे ६५ टक्के कुठून आणायचे? आणि इस्त्री करून गरम चादर तोलली तर उलट वजन घटतं. म्हणून सगळ्या चादरी एकाच दुपारी, एकाच खोलीत तोलल्या. नेमका आकडा थोडा चुकला तरी आपसातला फरक खरा राहतो, आणि अकरा भामट्या पकडायला तेवढं पुरलं.

मग तीनशे टीसी. टीसी म्हणजे एका चौरस इंचातले उभे आणि आडवे धागे मिळून होणारी संख्या. कापड बाजारात याचं घडीचं भिंग मिळतं, त्याला पिक ग्लास म्हणतात. खाली बरोबर एक इंचाची खिडकी असते. खिडकीत सुईच्या टोकानं एकेक धागा मोजायचा. छत्तीसपर्यंत आलं की कुरिअरवाला बेल वाजवतो. वेगवेगळ्या ठिकाणी मोजूनही उभे ७६ आणि आडवे ६६ निघाले. बेरीज १४२.

"निम्मेच की!" नवरा आनंदानं म्हणाला. त्याला शेठ आधीपासूनच आवडत नव्हते.

पण उत्तर धाग्यातच होतं. एक धागा ओढून काढला आणि चिमटीत धरून पिळाच्या उलट दिशेनं फिरवला, तर त्याचे दोन पदर सुटे झाले. दोन बारीक धागे पिळून एक केलेला. विणताना तो एकच धागा असतो, पण विकताना काही लोक त्याचे दोन मोजतात. १४२ दुणे २८४, आणि एक्स्पोर्टच्या उदार मनानं तीनशे. शेठ खोटं बोलले नव्हते, नुसते दोनदा बोलले होते.

आता प्युअर कॉटन. शिवणीच्या आतून उभे आणि आडवे धागे वेगवेगळे काढले, कारण दोन्ही एकाच मालाचे असतील याची खात्री नसते. मोरीत, चिमट्यात धरून, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून काडी लावली. उभा धागा भराभर जळला, कागद जळल्यासारखा वास आला, बोटानं चुरडली तर मऊ राखाडी राख. हा कापूस. आडवा आधी ज्योतीपासून आक्रसला, मग काळा धूर काढत जळला आणि टोकाला कडक काळा मणी उरला. मणी म्हणजे पॉलिस्टर वितळून गोठलेलं. सोबत कागदाचा वासही होता, म्हणजे आडव्यात दोन्ही मिसळलेलं. समोरच्या काकूंनी दार उघडून विचारलं, "काही जळतंय का गं?" सासूबाई म्हणाल्या, "हो, चादरीचं पितळ उघडं पडतंय."

काडीला यापुढचं कळत नाही. पॉलिस्टर वीस टक्के की साठ, हे मणी सांगत नाही; आणि व्हिस्कोससुद्धा कापसासारखंच जळतं. प्रमाण हवं तर प्रयोगशाळाच. तिथे तीव्र सल्फ्युरिक आम्लात कापूस विरघळवतात आणि उरलेलं पॉलिस्टर तोलतात. घाटकोपरला बीट्रा ही कापड संशोधन संस्था आहे, तिथे तुकडा पाठवला. तोवर यादीत 'कॉटन-पॉलिस्टर मिश्र' एवढंच लिहिलं. हे आम्ल मोरीत आणायचं नाही, हे नवऱ्यानं न विचारता बजावलं.

तुकड्यासाठी एक चादर बळी द्यावीच लागली, म्हणून ती कापण्याआधी आक्रसण्याची परीक्षाही तिच्यावरच केली. कडेपासून लांब, ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन, खुणा सुईदोऱ्याच्या, कारण पेन धुऊन जातं. एका धुण्यावर भागत नाही. कापड आणखी आटतं, म्हणून आकडा स्थिरावेपर्यंत धुवायचं, आणि सुकल्यावर न ओढता टेबलावर पसरून मोजायचं. लांबीत ४८ उरले, रुंदीत ४९. म्हणजे ४ आणि २ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १०० इंचांची चादर ९६ वर येते आणि ९० ची साधारण ८८ वर. गादी ७२ बाय ७८ आणि जाडी सहा इंच असेल, तर दोन्ही बाजू झाकायला लांबीत ९० आणि रुंदीत ८४ इंच जातात. खाली खोचायला लांबीत तीन-तीन, रुंदीत दोन-दोन इंच उरतात. आठ इंची गादीला रुंदीत काहीच उरत नाही. म्हणून 'सहा इंचांपर्यंतच्या गादीसाठी' असं ठळक लिहिलं.

रंगासाठी पांढरा रुमाल. कोरडा घासला, काही नाही. ओला घासला, रुमाल गुलाबी. तेही लिहिलं: पहिली धुणी वेगळी. अकरा हलक्या चादरी वेगळ्या भावानं वेगळ्या ठेवल्या.

यादी टाकल्यावर पहिला फोन वसंत विहारच्या एका बाईंचा. "एकशे बेचाळीसच? मी मागे घेतली ती हजार टीसीची होती."

म्हटलं, घेऊन या, मोजू.

त्या आल्या. सोबत बहिणीचीही एक होती. भिंगाखाली हजारचे एकशे शहाऐंशी झाले, आणि काडी लावल्यावर मणी असा टणक की सासूबाईंनी वाटीत जपून ठेवला. बाईंनी माझ्या दोन चादरी घेतल्या आणि ही बातमी सोसायटीभर केली. आता रविवारी सकाळी दारात पिशव्या घेऊन रांग असते. चादरी फारशा खपत नाहीत. मोजायला मात्र खूप येतात, आणि नवऱ्यानं मोजणीचा दर किती ठेवावा, हे वहीत लिहून काढलंय.