जुना फुल बॅकअप पुसण्याआधी

«ऑफिसची ड्राइव्ह भरत आली? एकदाच फुल बॅकअप घ्या, नंतर रोज फक्त इन्क्रिमेंटल. महिन्याने जुना फुल डिलीट करा, नव्या इन्क्रिमेंटलमध्ये सगळे येतेच. डिफरेन्शियल घेऊ नका, तो रोज दुप्पट होतो. रिस्टोअरही इन्क्रिमेंटलचाच फास्ट.»

हा मजकूर फिरत फिरत ठाण्यात नौपाड्याला कर सल्लागाराचे कार्यालय चालवणाऱ्या माझ्या मावसभावापर्यंत पोहोचला आणि शनिवारी संध्याकाळी त्याने मला विचारले, "मग फुल उडवू का?" त्याने विचारले म्हणून बरे, न विचारता उडवणारे किती असतील, या विचाराने हे लिहीत आहे.

सर्वांत घातक वाक्य फुल पुसण्याचे आहे. विंडोजमध्ये प्रत्येक फाइलला आर्काइव्ह नावाची एक खूण असते आणि फाइल बदलली की ती लागते. फुल बॅकअप सगळ्या फाइली घेऊन खुणा पुसतो. इन्क्रिमेंटल फक्त खूण असलेल्या फाइली घेतो आणि खूण पुसतो. डिफरेन्शियल त्याच फाइली घेतो, पण खूण तशीच ठेवतो, म्हणून फुलनंतर बदललेले सगळे त्यात रोज पुन्हा येते. हे माझ्या शब्दावर मानू नका, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये `robocopy /?` चालवून पाहा, कारण `/A` आणि `/M` या दोन पर्यायांत नेमका एवढाच फरक लिहिलेला आहे:

```
robocopy D:\Office E:\Diff\Mon /S /A
robocopy D:\Office E:\Inc\Mon /S /M
```

आजचे बरेच प्रोग्राम या खुणेऐवजी स्वतःची नोंद ठेवतात, पण नियम तोच राहतो. म्हणजे भावाच्या ज्या अशिलाचा २०१९ मध्ये स्कॅन केलेला करारनामा त्यानंतर कोणी बदललेला नाही, तो एकाही इन्क्रिमेंटलमध्ये येणार नाही. तो फक्त फुलमध्येच आहे. खात्री करायची असेल, तर इन्क्रिमेंटलचे फोल्डर उघडून त्यात गेल्या वर्षीची एखादी न बदललेली फाइल शोधावी. काही प्रोग्राम जुने इन्क्रिमेंटल स्वतःच फुलमध्ये मिसळून साखळी आखूड करतात, हे मान्य आहे. पण ते काम प्रोग्रामचे असते, एक्सप्लोररमध्ये जाऊन डिलीट दाबण्याचे नव्हे.

आता रोज दुप्पट होण्याविषयी. भावाकडे सुमारे ३०० जीबी माहिती आहे आणि १ टीबीची बाहेरची ड्राइव्ह आहे, जी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. रोज साधारण ४ जीबी बदलते, पण त्यातील ३ जीबी म्हणजे हिशेबाच्या आणि ईमेलच्या त्याच त्या फाइली असतात, नवे स्कॅन जेमतेम १ जीबीचे. तीच फाइल पाच वेळा बदलली तरी डिफरेन्शियलमध्ये ती एकदाच मोजली जाते. त्यामुळे शनिवारी फुल घेतल्यावर सोमवार ते शुक्रवार डिफरेन्शियल ४, ५, ६, ७ आणि ८ जीबी होतो, म्हणजे आठवड्याचे ३० जीबी. इन्क्रिमेंटलचे होतात २०. दोन आठवड्यांचे पूर्ण संच ठेवल्यास डिफरेन्शियलने ६६० आणि इन्क्रिमेंटलने ६४० जीबी जागा जाते. उरलेल्या जागेत तिसरा फुल दोन्हीकडे मावत नाही, म्हणजे वाचवलेल्या २० जीबींनी त्याला काहीच मिळत नाही.

रिस्टोअरचा दावा तर सरळ उलटा आहे. बॅकअप घेताना इन्क्रिमेंटल लवकर संपतो हे खरे, पण शुक्रवारी रात्री ड्राइव्ह गेली, तर फुल आणि त्यानंतरचे पाचही इन्क्रिमेंटल क्रमाने उतरवावे लागतात. मंगळवारचा खराब निघाला, तर मंगळवारी बदललेल्या आणि नंतर पुन्हा न बदललेल्या फाइली जुन्याच राहतात, आणि संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेणाऱ्या प्रोग्राममध्ये मंगळवारनंतरचे सगळेच निरुपयोगी ठरू शकते. डिफरेन्शियलला फुल आणि शुक्रवारचा, असे दोनच लागतात.

एक अर्धसत्य मात्र नाइलाजाने मान्य करतो. फुल महिन्यातून एकदाच घेतला, तर याच कार्यालयात २५ दिवसांचे डिफरेन्शियल सुमारे ४०० जीबी होतात आणि इन्क्रिमेंटल १०० मध्ये भागतात. पण मग पंचवीस दुव्यांची साखळी सांभाळावी लागते.

भावाला सांगितले ते असे: शनिवारी फुल, इतर दिवशी डिफरेन्शियल, नव्या फुलआधी दोन संचांतील जुना संच पूर्ण पुसायचा, त्यातला फुल तेवढा नव्हे. जागा फारच कमी पडली, तर चालू आठवड्यातील शेवटचा सोडून आधीचे डिफरेन्शियल पुसता येतात. त्यात मधल्या दिवसांच्या आवृत्त्या तेवढ्या जातात. आणि खुणेवर चालणारा बॅकअप असेल, तर आठवड्याच्या मध्ये कोणी `/M` लावून पेनड्राइव्हवर प्रत घेऊ नये, कारण त्याने खुणा पुसल्या जातात आणि त्या फाइली पुन्हा बदलल्या नाहीत, तर शुक्रवारच्या डिफरेन्शियलमधून त्या गुपचूप गळतात.