ऋणात राहणं फ्रेंचमध्ये जमत नाही

मराठी माणसाला आभार मानण्याचं शिक्षण दोनच ठिकाणी मिळतं. एक घरी, जिथे आभार मानले की समोरचा दुखावतो: "आभार कसले मानतोस, मी काय परका आहे?" आणि दुसरं सभागृहात, जिथे कार्यक्रम संपल्यावर लोक चपला शोधत असताना कुणीतरी माइक धरून अध्यक्षांपासून मांडववाल्यापर्यंत प्रत्येकाच्या "ऋणातच राहणं पसंत करतो". म्हणजे आपल्या काट्यावर शून्य आहे आणि शंभर आहे, मधले आकडे छापलेलेच नाहीत. ऑफिसातल्या फ्रेंच सहकाऱ्याचे आभार मानायला नेमके मधलेच आकडे लागतात. घाम फुटतो तो तिथे.

एक प्रसंग धरू. तुम्ही पुण्यात बसता. ल्यों शहरातल्या ऑफिसमधल्या एका बाईंनी तुमचा 18 पानांचा फ्रेंच अहवाल शुक्रवारी संध्याकाळी, घरी निघायच्या वेळेला, वाचून दिला. वाचताना 6व्या पानावरच्या तक्त्यातली एक बेरीज चुकली आहे, हेही दाखवलं. सोमवारी अहवाल क्लायंटकडे बिनचूक गेला. आता त्यांना चार ओळी लिहायच्या आहेत. काम त्यांचं नव्हतं, पण त्यांनी तुम्हाला किडनीही दिलेली नाही. एवढं प्रमाण सांभाळायचं आहे.

पहिला खड्डा 'मेर्सी' या शब्दाच्या पुढच्याच पावलावर आहे. "अहवाल वाचल्याबद्दल आभार" म्हणून माणूस आत्मविश्वासाने लिहितो, "मेर्सी द रलीर ल रापोर". व्याकरण चोख. अर्थ मात्र असा: "अहवाल कृपया पुन्हा वाचावा." 'मेर्सी द' आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप आलं की ती विनंती होते, तीही सूचनाफलकावरची. "मेर्सी द फेर्मे ला पोर्त" म्हणजे दार लावून घ्या. बाईंनी शुक्रवारची संध्याकाळ घालवून 18 पानं वाचली, आणि सोमवारी तुमचा मेल आला की पुन्हा वाचा. बिचाऱ्या वाचतीलही, पण पुढच्या शुक्रवारी त्यांची तब्येत बरी नसेल. झालेल्या कामाचे आभार मानताना भूतकाळ दाखवावाच लागतो: "मेर्सी दाव्वार रल्यु ल रापोर". तो 'दाव्वार' विसरला की आभाराचा हुकूम होतो. क्रियापदाचीच भीती वाटत असेल तर 'मेर्सी पूर' म्हणून पुढे नाम ठेवावं. "मेर्सी पूर ता रलेक्त्युर", तुझ्या वाचनाबद्दल आभार. थोडं कोरडं लागतं, पण कुणी पुन्हा कामाला लागत नाही.

(याच घराण्यातलं दुसरं अपत्य म्हणजे 'मेर्सी दाव्हाँस', आगाऊ आभार. मदत मागतानाच ते लिहिलं की समोरच्याला नाही म्हणायची सोय उरत नाही. 'आगाऊ' या मराठी शब्दाचे दोन्ही अर्थ इथे लागू पडतात.)

मेल नको, फोनच करू, असं ठरवलं तर 'मेर्सी बोकू', म्हणजे खूप आभार, समोर येतं. इथे मात्र मराठी माणसाला जन्मजात फायदा आहे. 'बोकू'मधला ऊ हा आपला साधा, देशी, उसातला ऊ. जसाच्या तसा म्हणावा. घोटाळा करतात ते वर्गात जाऊन ओठांचा चंबू करायला शिकलेले. फ्रेंचमध्ये आणखी एक उकार आहे, ओठ ऊसारखे ठेवून आत ई म्हणायचा. तो एकदा जमला की लोक सगळीकडे लावत सुटतात, नवी शिलाई मशीन आणल्यावर घरातल्या सगळ्या पडद्यांना झालर लागते तसे. तो उकार 'बोकू'ला लावला तर उरलेल्या वाक्यात समोरच्या व्यक्तीच्या पार्श्वभागाच्या सौंदर्याची प्रशंसा होते. ल्योंच्या बाई हसतील आणि सोडून देतील, पण ज्या शब्दात आधीच अचूक असलेला उच्चार आपल्या घरी होता, तो सुधारायला जाऊच नये.

'मेर्सी बोकू' साधं वाटतं म्हणून काही जण 'मेर्सी बियँ'कडे वळतात. बियँ म्हणजे चांगलं, मग हे जास्त चांगलं असणार, असा हिशेब. प्रत्यक्षात सूर जरा हलला तर ते "हो हो, मिळाले आभार" असं तुसडं ऐकू येतं, किंवा सरळ नकार वाटतो. नकारावरून आठवलं: कुणी कॉफी विचारली आणि तुम्ही नुसतं 'मेर्सी' म्हणालात, तर बऱ्याचदा त्याचा अर्थ "नको" असा घेतला जातो. कॉफी हवी असेल तर आधी 'वी' म्हणा.

आभार जरा भारदस्त करायचे म्हणून 'रमेर्सिए' हे क्रियापद वापरावं, तर त्याचीही एक भानगड आहे. "झ त रमेर्सी", मी तुझे आभार मानतो, हे अगदी सभ्य आणि चालणारं वाक्य आहे. पण कर्मणी प्रयोग करून तिसऱ्याला सांगू नका. "एल आ एते रमेर्सिए" म्हणजे त्यांचे आभार मानले गेले, म्हणजेच त्यांना कामावरून काढलं. यात हसण्यासारखं काही नाही. आपणही सत्काराला नारळ देतो आणि नोकरीवरून काढतानाही नारळच देतो. त्यामुळे बाईंच्या साहेबांना प्रत टाकून "त्यांना रमेर्सिए केलं" असं कळवण्याच्या मोहात पडू नये.

त्यानंतर येतं 'तुझ्यामुळे'. मराठीत हा शब्द मोठा निष्पक्ष आहे. तुझ्यामुळे काम झालं, तुझ्यामुळे गाडी चुकली, दोन्हीला तोच. फ्रेंच मात्र आधीच निकाल लावून बसलेली असते. चांगलं झालं तर 'ग्रास आ त्वा', वाईट झालं तर 'आ कोज द त्वा'. शब्दकोशात 'मुळे' शोधलं की 'आ कोज द' हमखास सापडतं, आणि मग बाईंना कळतं की त्यांच्या पापामुळे अहवाल वेळेवर गेला. लक्षात ठेवायला सोपं आहे: 'ग्रास' म्हणजे कृपा. 'आपल्या कृपेने' असं लग्नपत्रिकेत म्हणतो तिथे ग्रास.

तू की तुम्ही, हे व्याकरणाच्या पुस्तकाला विचारू नये, बाईंच्या मेलला विचारावं. त्यांनी तुम्हाला 'त्यु' लिहिलं असेल तर तुम्हीही 'त्यु'च लिहायचं, त्या वयाने मोठ्या असल्या तरी. मराठी मनाला हे जड जातं. मोठ्या बाईंना अगं-तुगं? पण तिकडे 'त्यु'ला उत्तर म्हणून 'व्हू' आलं तर तो आदर वाटत नाही, दोन पावलं मागे सरकल्यासारखं वाटतं. त्यांनी 'व्हू' लिहिलं असेल तर आपणही 'व्हू'. सगळ्यात वाईट म्हणजे सुरुवातीला 'व्हू' आणि शेवटाकडे भावना अनावर होऊन 'त्वा'. असा मेल दोन माणसांनी भांडत लिहिल्यासारखा दिसतो.

आता मुख्य दुखणं, माप. 'मेर्सी अँफिनिमाँ', अनंत आभार. 'द्यु फों द्यु कर', हृदयाच्या तळापासून. ही वाक्यं चुकीची नाहीत, फक्त ती दवाखान्याच्या बाहेर किंवा चितेच्या जवळ शोभतात. ज्या भाषेत उत्तम जेवणालाही 'पा माल', म्हणजे वाईट नाही, असं म्हणून दाद देतात, तिथे तक्त्यातल्या बेरजेसाठी अनंत काढलं तर वाचणारी व्यक्ती दोनच शक्यता धरते. एक, हा थट्टा करतोय. दोन, याला अजून 40 पानं वाचून हवी आहेत. 'मेणबत्ती'चा वाक्प्रचारही असाच जपून ठेवावा: "झ त द्वा युन फियेर शाँदेल", मी तुला एक भलीमोठी मेणबत्ती देणं लागतो. संकटातून वाचल्यावर चर्चमध्ये मेणबत्ती लावायच्या प्रथेतला हा नवस आहे. नोकरी वाचली तर लावा. बेरजेला नको.

मधल्या आकड्याला एक छान वाक्प्रचार आहे, पायातला काटा काढण्याचा: "त्यु मा तिरे युन एपीन द्यु पिए". तू माझ्या पायातला काटा काढलास. छोटं, खरं, नेमकं दुखणं गेलं. हा मात्र फ्रेंचमध्येच म्हणावा. शेजारच्या टेबलावरच्या मराठी मित्राला "बाईंनी काटा काढला" असं सांगितलंत तर तो पोलीस ठाण्याचा नंबर शोधेल.

माझं ठाम मत असं, की क्रियाविशेषण वाढवून आभार वाढत नाहीत, तपशील घालून वाढतात. 'अँफिनिमाँ' कुणालाही लिहिता येतं. 6वं पान फक्त त्या बाईंनाच लिहिता येतं. म्हणून मेल असा: आधी "बोंझूर" आणि बाईंचं नाव, कारण नमस्काराशिवाय सुरू होणारा मेल तिकडे उद्धट ठरतो. मग "मेर्सी दाव्वार रल्यु ल रापोर व्हाँद्रदी स्वार". यातलं 'शुक्रवारी संध्याकाळी' हेच खरं आभाराचं वजन आहे. त्यांची वेळ गेली हे तुम्हाला ठाऊक आहे, एवढं त्यात आलं. पुढचं वाक्य, "साँ त्वा, लेरर द ला पाज सिस पार्ते शे ल क्लियाँ". तू नसतीस तर 6व्या पानावरची चूक क्लायंटकडे गेली होती. 'गेली असती' नव्हे, 'गेली होती'. बोलीत फ्रेंच माणूस तिथे साधा अपूर्ण भूतकाळ टाकतो, आणि आपणही मराठीत "तू नसतास तर मेलो होतो" असंच म्हणतो. हे वाक्य शिकायला मराठी माणसाला पाच मिनिटंही लागू नयेत. शेवटी "बोन झुर्ने", दिवस चांगला जावो, आणि खाली सही. संपलं.

फार कोरडं वाटत असेल तर सुरुवातीचं 'मेर्सी' 'अँ ग्राँ मेर्सी' करा, मोठे आभार. तेवढी एक चमचा साखर चालते. 'मेर्सी' हा शब्द मात्र मेलमध्ये एकदाच. दुसऱ्यांदा आला की पहिल्यावर विश्वास नव्हता असं दिसतं, आणि तिसऱ्यांदा आला की माइक, अध्यक्ष आणि मांडववाला दिसायला लागतात.

परतफेडीचं काय, हा प्रश्न उरतो, कारण ऋण आपल्याला झोपू देत नाही. त्यासाठी 'आ शार्झ द रव्हाँश' हे चार शब्दांचं मलम आहे: पुढच्या वेळी माझी पाळी. 'रव्हाँश' म्हणजे एरवी बदला, पण इथे तो प्रेमाचा आहे. हे लिहिलं तर खरोखर त्यांचं काही वाचून द्यायची तयारी हवी. बाई कधी पुण्याला आल्या किंवा तुम्ही ल्योंला गेलात तर मशीनवरची एक कॉफी पाजा. पैठणी नेऊ नका. पैठणी नेली की त्यांना परत काहीतरी द्यावं लागतं, आणि मग हे दोन घरांतल्या दिवाळीच्या फराळाच्या डब्यासारखं होतं. डबा रिकामा परत पाठवायचा नसतो, आणि म्हणून तो कधी थांबतही नाही.

दहा मिनिटांत बाईंचं उत्तर येईल: "द रियँ". शब्दशः 'काही नाही'. आपल्या "आभार कसले!"ची ही ल्योंमधली मावसबहीण. इथे बोटं शिवशिवायला लागतात: असं कसं काही नाही, तुम्ही केवढं केलंत, 18 पानं म्हणजे काय चेष्टा आहे का! हे लिहायचं नाही. 'द रियँ'ला उत्तर नसतं. लॅपटॉप मिटा. ल्योंला अजून दुपार आहे, त्या बाईंना कामं आहेत.